अपघाताच्या चौकशी अहवालाचे मराठी भाषांतर: कशानंतर काय घडले आणि कशामुळे काय घडले

"लाईट कर्टन बायपास करून प्रेस चालवल्यामुळे ऑपरेटरचा हात डायमध्ये सापडला."

काही वर्षांपूर्वी मी लिहिलेले हे वाक्य आहे. भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. चौकशी अहवाल इंग्रजीत होता. सुरक्षा समितीतले कामगार प्रतिनिधी आणि जखमी कामगाराच्या घरचे यांच्यासाठी तो मराठीत करायचे काम माझ्याकडे आले होते. अहवाल वाचून दाखवायच्या बैठकीला मीही होते. हे वाक्य आले तेव्हा कामगाराच्या धाकट्या भावाने मान वर करून विचारले, "ताई, म्हणजे सेन्सर दादानंच बंद केला होता का?"

तसे नव्हते. लाईट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर, बायपास झाला तेव्हा दादा कारखान्यात आलाही नव्हता; त्याची पाळी नंतर सुरू झाली. इंग्रजी वाक्याचा आशय एवढाच होता की लाईट कर्टन बायपास अवस्थेत असल्याने हात डायच्या जागेत असतानाही रॅम पूर्ण खाली येऊ शकला. कोणी बायपास केला, कोणी प्रेस चालवली, याबद्दल त्या वाक्यात अवाक्षर नव्हते. "बायपास करून चालवल्यामुळे" या माझ्या तीन शब्दांनी दोन वेगळ्या माणसांची कामे एकाच्या अंगावर घातली होती.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. ती इथे त्याच अहवालाच्या आधाराने मांडते. ओळख पटू नये म्हणून वेळा आणि काही तपशील बदलले आहेत. भाषेचे प्रश्न मात्र जसे आले तसेच ठेवले आहेत.

## आधी यंत्र बघून या

पॉवर प्रेसचे फ्लायव्हील सतत फिरत असते. ऑपरेटरने पेडल दाबले, किंवा दोन्ही हातांनी दोन बटणे दाबली, की क्लच लागतो, रॅम खाली येतो, पत्र्याचा पार्ट डायमध्ये दाबला जातो आणि रॅम वर जाऊन थांबतो. डायच्या समोर दोन उभ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची जाळी असते. तोच लाईट कर्टन. रॅम खाली येत असताना हात त्या जाळीत गेला की किरण तुटतो, क्लच सुटतो आणि ब्रेक लागतो. पॅनेलमध्ये योग्य दोन टर्मिनल वायरच्या तुकड्याने जोडली, म्हणजे जंपर लावला, की किरण तुटला तरी प्रेसला ते कळत नाही.

एवढे समजून घ्यायला मला एका टूलरूममध्ये अर्धा दिवस लागला. तो लागला नसता तर पुढची एक गोष्ट ध्यानात आली नसती: लाईट कर्टन प्रेस *सुरू करत नाही*, तो फक्त *थांबवतो*. म्हणून "लाईट कर्टन बंद असल्यामुळे प्रेस चालली" हे मराठीत कितीही सहज वाटले तरी यंत्राच्या बाजूने चुकीचे आहे. स्ट्रोक कशाने सुरू झाला हा एक प्रश्न आणि तो थांबला का नाही हा दुसरा. चांगल्या चौकशी अहवालात या दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या परिच्छेदांत असतात. भाषांतरातही ती वेगळीच राहायला हवीत.

शब्दांच्या बाबतीत माझा नियम साधा आहे. शॉप फ्लोअरवर जो शब्द चालतो तोच लिहायचा. रॅम, डाय, स्ट्रोक, पेडल, जंपर, पॅनेल, सेटर, लाईट कर्टन हे सगळे तसेच ठेवायचे आणि पहिल्यांदा येताना प्रत्येकाचा एका वाक्यात खुलासा करायचा. 'प्रकाश-पडदा' लिहिले तर ऑपरेटरला तो कुठला पडदा ते कळत नाही आणि घरच्यांनाही कळत नाही. फक्त एक पाहावे. कामगार बोलताना लाईट कर्टनलाही 'सेन्सर' म्हणतात आणि डायमधल्या पार्ट ओळखणाऱ्या सेन्सरलाही 'सेन्सर'च म्हणतात. जबाबात आलेला 'सेन्सर' नेमका कोणता, हे चौकशी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## मूळ जबाब मागा

ज्याला आपण मूळ अहवाल म्हणतो, त्यातला मोठा भाग आधीच भाषांतरित असतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात जबाब मराठीत किंवा हिंदीत दिले जातात. ते लिहून घेणारा अधिकारी अहवालात त्यांचा इंग्रजी सारांश करतो. आपण त्या सारांशाचे पुन्हा मराठी केले, तर माणूस जे बोलला त्यापासून दोन पायऱ्या लांब गेलेलो असतो.

आमच्या प्रकरणात हेल्पर बिहारचा होता. त्याच्या हस्तलिखित जबाबात होते, "पार्ट फँसा था, निकालने में हाथ अंदर चला गया." इंग्रजी अहवालात त्याचे झाले, ऑपरेटरने अडकलेला पार्ट काढण्यासाठी डायमध्ये हात घातला. माझ्या मराठीत "हात घातला" हेच आले असते. "चला गया" म्हणजे गेला. "घातला" म्हणजे ठरवून. कदाचित ठरवूनच घातला असेल, पण साक्षीदार तसे म्हणाला नव्हता.

म्हणून काम घेतानाच सांगा की जबाबांच्या मूळ प्रती, कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाची वेळ-नोंद, पॅनेलचा लॉग, पाळी बदलाचे रजिस्टर आणि अपघातानंतरच्या तपासणीचे फोटो हवेत. जिथे अहवाल जबाब उद्धृत करतो, तिथे मराठी जबाब मूळ शब्दांतच ठेवावा. हिंदी जबाबाचे भाषांतर हिंदीवरूनच करावे आणि तसे तळटीपेत नोंदवावे. इंग्रजी सारांश आणि मूळ जबाब यांच्यात फरक दिसला तर तो आपण मिटवायचा नाही. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहून चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवायची. अहवाल त्याचा आहे; दुरुस्ती करायची तर त्याने मूळ अहवालात करावी.

## भाषांतराआधी घटनांचा तक्ता

इंग्रजी अहवाल क्वचितच घडले त्या क्रमाने लिहिलेला असतो. सुरुवात अपघाताच्या क्षणापासून होते, मग मजकूर मागे जातो, मध्ये तपासणीचे निष्कर्ष येतात, पुन्हा सकाळची पाळी येते. म्हणून एकही वाक्य मराठीत करण्याआधी मी सगळ्या घटना वेचून क्रमाने लावते. प्रत्येकीला क्रमांक देते आणि शेवटच्या रकान्यात ती कशावरून कळली ते लिहिते.

| घटना | वेळ | काय | कोणी | कशावरून |
|---|---|---|---|---|
| १ | ११:२० | लाईट कर्टनचा फॉल्ट, प्रेस थांबली | – | पॅनेल लॉग |
| २ | ११:२० ते ११:५२ च्या दरम्यान | पॅनेलमध्ये जंपर लावला गेला | निश्चित नाही | अनुमान |
| ३ | ११:५२ | उत्पादन पुन्हा सुरू | पहिल्या पाळीचा सुपरवायझर | लॉग, जबाब |
| ४ | १५:०० | पाळी बदल. रजिस्टरमध्ये जंपरची नोंद नाही | – | रजिस्टर |
| ५ | सुमारे १६:४० | पार्ट डायमध्ये अडकला | – | हेल्परचा जबाब |
| ६ | १६:४१ | हात डायच्या जागेत असताना रॅम खाली आला | – | पॅनेल लॉग, कॅमेरा |

दुसऱ्या ओळीतला 'अनुमान' हा शब्द बघा. जंपर लावताना कोणी पाहिले नव्हते. अपघातानंतर पॅनेल उघडले तेव्हा तो सापडला, आणि ११:५२ नंतर लॉगमध्ये लाईट कर्टनमुळे थांबल्याची एकही नोंद नव्हती. त्या दोन गोष्टींवरून चौकशी अधिकाऱ्याने वेळेची चौकट काढली. मराठीत "साडेअकराच्या सुमारास जंपर लावला" असे लिहिले तर अनुमानाचे डोळ्यांनी पाहिलेले होते. "११:२० ते ११:५२ च्या दरम्यान केव्हातरी जंपर लावला गेला असावा, असा निष्कर्ष लॉगवरून निघतो" हे लांब आहे, पण खरे आहे.

वेळा नेहमी चोवीस ताशी पद्धतीने लिहाव्यात. आपण चारला दुपार म्हणतो, कोणी संध्याकाळ म्हणतो. अहवालात त्याची गरज नाही. तिसऱ्या पाळीचे प्रकरण असेल तर तारखेकडे विशेष लक्ष द्या. "१४ तारखेच्या रात्री दीड वाजता" असे कामगार म्हणतो तेव्हा दिनदर्शिकेत बहुतेक वेळा १५ तारीख लागलेली असते. अशा ठिकाणी "१४ तारखेला सुरू झालेल्या तिसऱ्या पाळीत, १५ तारखेला ०१:३० वाजता" असे दोन्ही लिहावे.

आणि घड्याळे. आमच्या अहवालात रॅम खाली येण्याची वेळ मुख्य मजकुरात १६:४१ होती आणि परिशिष्टात १६:४५. चूक कोणाचीच नव्हती. कॅमेऱ्याचे घड्याळ पॅनेलच्या घड्याळापेक्षा चार मिनिटे पुढे होते. परिशिष्टातली वेळ आपल्या मनाने १६:४१ करण्याचा मोह होतो, कारण मजकूर एकसारखा दिसतो. करू नये. उद्या कोणी चित्रीकरण उघडून पाहील तेव्हा त्यावर १६:४५ च दिसणार. दोन्ही आकडे ठेवावेत आणि फरकाचा खुलासा चौकशी अधिकाऱ्याकडून लेखी घेऊन तळटीपेत द्यावा.

'पर्यंत' या शब्दापाशीही थांबा. "१५:०० पर्यंत प्रेस चालू होती" यात प्रेस तीनला बंद झाली असे ऐकू येते. इंग्रजीत मात्र तीन वाजण्याआधी ती चालू झालेली होती एवढाच अर्थ असू शकतो. शंका असेल तिथे "१५:०० च्या आधीच प्रेस चालू झालेली होती" असे उघड लिहावे.

## 'होता' वर विसंबू नका

इंग्रजी अहवाल मागे जातो तेव्हा क्रियापदाचे रूप बदलतो आणि वाचकाला आधीची गोष्ट आहे हे कळते. मराठीत आपण त्याला "जंपर लावला होता" असे करतो आणि काम झाले असे समजतो. पण मराठीत 'होता' नेहमी 'त्याच्याही आधी' सांगतो असे नाही. "काल मी चाकणला गेले होते" यात कशाच्याही आधी काही नाही, नुसती मागची गोष्ट आहे. त्यामुळे सलग पाच वाक्ये 'होता, होते, होती' ने संपली की वाचकाला क्रम लागत नाही, आणि तो वाक्ये ज्या क्रमाने आली तोच क्रम धरून चालतो.

उपाय असा की क्रम क्रियापदावर न टाकता शब्दांत सांगायचा: "त्याआधी, पहिल्या पाळीत", "अपघातानंतरच्या तपासणीत". मजकूर मागे गेला की वाक्याच्या सुरुवातीलाच सांगायचे. मूळ परिच्छेदांचा क्रम मात्र बदलायचा नाही, कारण लोक परिच्छेद क्रमांकानेच संदर्भ देतात.

## 'ऊन', 'मुळे', 'ल्यावर', 'ल्याने'

माझी चूक इथे झाली होती, म्हणून इथे जास्त वेळ घेते.

'करून, लावून, काढून' ही रूपे मराठीत इतकी अंगवळणी पडलेली आहेत की ती लिहिताना हात थांबत नाही. पण त्यांची एक अट आहे: दोन्ही क्रियांचा कर्ता बहुतेक वेळा एकच धरला जातो. "चहा पिऊन निघाला" म्हटले की प्यायलाही तोच आणि निघालाही तोच. म्हणून "जंपर लावून उत्पादन सुरू केले" म्हटले की ज्याने लावला त्यानेच सुरू केले. आमच्या तक्त्यात दुसऱ्या घटनेचा कर्ता अज्ञात आहे आणि तिसऱ्याचा सुपरवायझर आहे. एका 'ऊन'ने सुपरवायझरवर असा आरोप झाला असता जो चौकशीने केलेला नाही. शिवाय 'ऊन' नुसता क्रम सांगत नाही, संदर्भाप्रमाणे कारण किंवा पद्धतही सांगतो. "घसरून पडला" यात घसरणे आधीही आहे आणि कारणही आहे.

म्हणून कच्चा मसुदा झाला की मी एक फेरी फक्त यासाठी करते. प्रत्येक 'ऊन'ला गोल करते आणि दोन प्रश्न विचारते: दोन्ही क्रियांचा कर्ता अहवालात एकच आहे का? आणि मूळ वाक्य फक्त क्रम सांगते की कारणही सांगते? पहिल्याचे उत्तर 'नाही' किंवा 'माहीत नाही' असेल तर वाक्य तोडते: "पॅनेलमध्ये जंपर लावण्यात आला. ११:५२ वाजता सुपरवायझरने उत्पादन पुन्हा सुरू करायला सांगितले." दोन वाक्यांमध्ये 'त्यानंतर' घालायचे तर तक्त्यात तो क्रम आहे का ते पाहून. 'त्यामुळे' घालायचे नाही.

'पेडल दाबल्यावर' आणि 'पेडल दाबल्याने' यांतला फरक ऐकताना जेमतेम जाणवतो; पहिला क्रम आहे, दुसरा कारण. घाईत टंकताना एकाचे दुसरे होते आणि तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटते, कारण दोन्ही वाक्ये शुद्ध असतात. 'असताना' आणि 'घालताना' यांचेही तसेच. "हात आत असताना रॅम आला" म्हणजे हात आधीपासून आत होता. "हात घालताना रॅम आला" म्हणजे हात जात होता. लाईट कर्टनचे किरण कधी तुटले असते, हे त्यावर ठरते.

'मुळे' हा सर्वांत मोकळा शब्द आहे. एखाद्या गोष्टीने घटना घडवली, तिने घटना घडू दिली, तिने धोका वाढवला, किंवा ती फक्त आधी घडली, या सगळ्यांना आपण बोलताना 'मुळे' लावतो. इंग्रजी अहवाल यांसाठी वेगळी क्रियापदे निवडून वापरतो. मी मराठीत ती अशी बांधून घेतली आहेत, आणि एका अहवालात एकदा ठरवले की शेवटपर्यंत बदलत नाही. 'कॉज्ड' असेल तरच 'मुळे घडले'. 'अलाउड' असेल तर 'रोखले गेले नाही' किंवा 'घडू शकले'. 'कॉन्ट्रिब्यूटेड' असेल तर 'घडण्यास हातभार लागला'. 'फॉलोइंग' असेल तर नुसते 'नंतर'.

आता सुरुवातीचे वाक्य या पद्धतीने: "लाईट कर्टन बायपास अवस्थेत होता. त्या अवस्थेत, ऑपरेटरचा हात डायच्या जागेत असतानाही रॅमचा स्ट्रोक रोखला गेला नाही." कोणी बायपास केला ते इथे नाही. स्ट्रोक कशाने सुरू झाला तेही नाही. ते दोन्ही अहवालात इतरत्र आहे, तिथेच येईल.

## कर्ता नसेल तर नसू द्या

'जंपर लावण्यात आला' हे सरकारी मराठी वाटते आणि एरवी मीही ते टाळते. चौकशी अहवालात मात्र ते रूप कामाचे आहे, कारण कर्ता माहीत नाही हे ते प्रामाणिकपणे सांगते. ओघवते करण्याच्या नादात 'मेन्टेनन्सवाल्यांनी जंपर लावला' असे लिहू नका.

'कडून' आणि 'हातून' ही रूपे त्याहून धोक्याची. "ऑपरेटरकडून पेडल दाबले गेले" हे वरवर तटस्थ दिसते, पण मराठी कानाला त्यात 'चुकून' ऐकू येते. "पेडलवर पाय पडला" म्हणजे नकळत आणि "पाय दिला" म्हणजे जाणूनबुजून. आमच्या अहवालात स्पष्ट म्हटले होते की पेडल हेतुपुरस्सर दाबले की नकळत, हे ठरवता आले नाही. त्यासाठी तटस्थ शब्द यंत्राच्या बाजूने मिळाला: "१६:४१ वाजता पेडलचा स्विच चालू झाल्याची नोंद आहे. तो हेतुपुरस्सर चालू केला गेला की नकळत चालू झाला, हे उपलब्ध पुराव्यावरून ठरवता आले नाही."

इंग्रजीतला 'फेल्ड टू' हा प्रयोगही इथेच येतो. 'फेल्ड टू रिमूव्ह' याचा अर्थ बहुतेक वेळा 'काढला नाही' एवढाच असतो. 'काढण्यात कसूर केली', 'दुर्लक्ष केले', 'हलगर्जीपणा केला' हे आपण वर्तमानपत्री सवयीने घालतो. निष्काळजीपणा हा कायद्याचा शब्द आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोक्यात आणणारी निष्काळजी कृती हा गुन्हा आहे, आणि मृत्यू झाला असेल तर कलम १०६ लागते. चौकशी अहवालाने जो शब्द वापरला नाही तो भाषांतराने वापरला, तर तो पुढे पोलिसांच्या कागदात आणि वकिलाच्या तोंडी जाऊ शकतो. उलटही तितकेच खरे: अहवालाने 'नेग्लिजन्स' लिहिले असेल तर त्याला 'अनवधान' करून मऊ करू नये.

'रिस्पॉन्सिबल' म्हणजे दरवेळी 'जबाबदार' नाही. 'तपासणीची जबाबदारी ज्यांच्याकडे होती' हे कामाचे वाटप झाले. 'अपघाताला जबाबदार' हा दोषारोप झाला. यंत्राच्या घटकालाही 'जबाबदार' लावू नका.

## कारणांच्या पायऱ्या

अहवालाच्या शेवटी कारणे पायऱ्यांनी मांडलेली होती. तात्कालिक कारण: लाईट कर्टन बायपास अवस्थेत असल्याने डायच्या जागेला संरक्षण नव्हते. त्यामागचे कारण: पाळी बदलताना जंपरची माहिती दिली गेली नाही. मूळ कारण: सुरक्षा साधन तात्पुरते बायपास करायला परवानगी कोणी द्यायची आणि ते पुन्हा चालू झाल्याची खात्री कोणी करायची, याची लेखी पद्धत नव्हती. हातभार लावणारा घटक: प्रेस पेडलवर की दोन हातांच्या बटणांवर चालवायची हे ठरवणारी किल्ली पॅनेललाच लावून ठेवलेली होती.

या चार नावांसाठी चार मराठी नावे ठरवा आणि अदलाबदल करू नका. मसुद्यात एका पानावर 'मूळ कारण' आणि दुसऱ्यावर त्यालाच 'मुख्य कारण' झाले की वाचक समजतो ही दोन वेगळी कारणे आहेत. 'मुख्य' तर टाळावाच. मूळ म्हणजे साखळीत सर्वांत मागचे. ते सर्वांत मोठे असते असे नाही.

जी कारणे चौकशीने बाद केली, तीही तितक्याच काळजीने आणा. या प्रेसचा ब्रेक ढिला आहे अशी शॉपमध्ये बोलवा होती. अहवालात होते की अपघाताच्या दुसऱ्या दिवशी घेतलेल्या चाचणीत प्रेस थांबायला लागणारा वेळ ठरलेल्या मर्यादेत आढळला. त्याचे "ब्रेक चांगला होता" असे केले तर दोन गोष्टी हरवतात: ही चाचणी दुसऱ्या दिवशीची आहे, आणि ते 'आढळले' आहे. दोन्ही ठेवा. ज्याला ब्रेकबद्दल शंका आहे त्याला नेमका कोणता प्रश्न विचारायचा ते त्यामुळेच कळते.

## खात्रीची पातळी

'बहुधा', 'शक्यता जास्त', 'शक्यता आहे', 'यांच्याशी सुसंगत आहे' यांचीही जोडी आधीच ठरवून ठेवावी. एका शब्दाबद्दल मात्र सांगायलाच हवे. इंग्रजीत 'कुड नॉट बी रूल्ड आउट' म्हणजे ती शक्यता वगळायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. मराठीत त्याचे "शक्यता नाकारता येत नाही" असे करायची पद्धत आहे. पण बातम्यांमध्ये "घातपाताची शक्यता नाकारता येत नाही" हे इतके वाचले आहे की त्या शब्दांना आता संशयाचा वास येतो. वाचक त्याचा अर्थ 'तसेच झाले असणार' असा घेतो. म्हणून मी लिहिते: "ही शक्यता वगळता येईल इतका पुरावा मिळाला नाही, तिला दुजोरा देणाराही मिळाला नाही." दुसरा अर्धा भाग मूळ अहवालात असेल तरच.

## उलट तपासणी

भाषांतर झाले की ते अशा माणसाला द्यावे ज्याने इंग्रजी अहवाल वाचलेला नाही, पण शॉप फ्लोअर माहीत आहे. माझ्यासाठी हे काम निवृत्त झालेले एक सेटर काका करतात. त्यांना मी कोरा तक्ता देते: घटना, वेळ, काय, कोणी, कशावरून. फक्त मराठी वाचून तो भरायचा. खाली अजून चार ओळी: तात्कालिक कारण, त्यामागचे, मूळ, हातभार. मग तो माझ्या पहिल्या तक्त्याशेजारी ठेवायचा.

जिथे फरक पडतो तिथे भाषांतर चुकले आहे, काका नाही. माझ्या तक्त्यात 'निश्चित नाही' असताना त्यांनी कोणाचे पद लिहिले असेल, तर कुठेतरी 'ऊन' किंवा 'कडून' राहिले आहे. 'अनुमान' ऐवजी 'जबाब' लिहिले असेल, तर 'असावा'चा 'आहे' झाला आहे. क्रम उलटा लागला असेल, तर 'होता'ने घोटाळा केला आहे. याच अहवालाची दुसरी आवृत्ती केली तेव्हा काकांनी चौथ्या ओळीत "दुसऱ्या पाळीला जंपर माहीत होता" असे लिहिले. शोधले तर माझे वाक्य निघाले: "जंपरची नोंद न करता दुसऱ्या पाळीने काम सुरू केले." न नोंदवणारे पहिल्या पाळीचे, सुरू करणारे दुसऱ्या पाळीचे, आणि 'न करता' म्हणजे पुन्हा तोच एका कर्त्याचा सापळा. ते वाक्य असे झाले: "पाळी बदलाच्या रजिस्टरमध्ये जंपरची नोंद नव्हती. १५:०० वाजता दुसऱ्या पाळीचे काम सुरू झाले. जंपरबद्दल आपल्याला सांगितले गेले नव्हते, असा जबाब दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरने दिला आहे."

भाषांतर सोपवताना सोबत तीन गोष्टी द्या: ठरवलेल्या शब्दांची यादी, चौकशी अधिकाऱ्याला विचारलेल्या प्रश्नांची त्याच्या उत्तरांसह यादी, आणि कोणत्या तारखेच्या इंग्रजी आवृत्तीवरून भाषांतर केले त्याची नोंद. कंपनी नंतर मूळ अहवालात दुरुस्ती करते आणि मराठी प्रत जुनीच फिरत राहते, असे मी पाहिले आहे. म्हणून ही तारीख प्रत्येक पानाच्या तळाशी हवी.

दुरुस्त प्रत घेऊन मी त्या कुटुंबाकडे पुन्हा गेले. भावाने सगळे वाचले आणि दुसऱ्या घटनेच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "मग जंपर लावला कुणी?" चौकशीलाही ते ठरवता आले नव्हते, आणि या वेळी मराठी प्रतही तेवढेच सांगत होती.